अर्धेलीने जमीन देताय? आधी हे बघा

११ महिन्यांचा बटईचा कागद केला की कूळ लागत नाही, हा समज काढून टाका. महाराष्ट्र कुळवहिवाट कायदा १९४८ च्या कलम ४ प्रमाणे रोख किंवा धान्याच्या मजुरीवरचा नोकर कूळ ठरत नाही. पिकातला वाटा घेणाऱ्याला मात्र ती सूट नाही. म्हणजे तुमचा ‘निम्मे-निम्मे’ करारच त्याचा पुरावा होतो.

त्यापेक्षा ठरावीक मजुरी द्या. समजा २ एकर सोयाबीन आहे: बियाणे-खताची बिलं तुमच्या नावाची, मजुरी बँकेतून, आडतीची पट्टीही तुमचीच. देखरेखीला स्वतः जा. नुसता कागद टिकत नाही. ई-पीक पाहणी स्वतः करा आणि हंगामानंतर सातबाऱ्यावर दुसऱ्याची वहिवाट दिसली तर तहसीलदारांकडे लगेच लेखी हरकत द्या.