राग भडकलेला असताना मी काय करू?

प्रश्न: नवरा अगदी क्षुल्लक गोष्टींवरून भडकतो. चार्जर जागेवर नाही म्हणूनही आरडाओरडा. त्या वेळी मी काय करू?

उत्तर: त्या क्षणी खरं-खोटं करू नका. “मी तिथेच ठेवला होता” हे खरं असलं तरी तेव्हा ते कानात शिरत नाही, उलट आवाज चढतो. हळू आवाजात एकदाच सांगा, “ओरडणं चालू असताना मी बोलणार नाही. अर्ध्या तासाने बोलू.” आणि दुसऱ्या खोलीत जा. अंगातली धडधड उतरायला वीसेक मिनिटं तरी लागतात, तुमचीसुद्धा. ठरल्या वेळी परत या, नाहीतर ते रुसून जाणं ठरतं. विषय मात्र चार्जरचा नको, ओरडण्याचा काढा.

आता एक गोष्ट नीट पाहा. तुम्ही निघालात की तो जाऊ देतो का? दार अडवणं, मागे येणं, फोन हिसकावणं, वस्तू फेकणं, यातलं काही होत असेल तर हा नुसता तापट स्वभाव नाही. मग वाक्यं ऐकवत बसू नका. स्वयंपाकघर आणि कडी लागणारी बाथरूम टाळा, बाहेरच्या दाराजवळ राहा. विश्वासातल्या एकीला आधीच एक खुणेचा शब्द सांगून ठेवा. गळ्याला हात लावला असेल, तर एकदाच का होईना, जिवाला धोका आहे. लगेच बाहेर पडा, पोलिसांना आणि डॉक्टरांना गाठा.