निकालातले दाखले वर्गवार लावताना

नाशिकला भूसंपादनाच्या फायली बऱ्याच हातात येतात, म्हणून हात बसवायला 'इंदूर विकास प्राधिकरण विरुद्ध मनोहरलाल' हा २०२० चा घटनापीठाचा निकाल घे.

पहिल्या वाचनात फक्त त्यात आलेल्या जुन्या निकालांची नावं, सायटेशन आणि परिच्छेद क्रमांक उतरव. समोर एक रकाना ठेव: हे कोण बोलतंय? बहुतेक चुका इथेच होतात. 'वकिलांनी या निकालाचा आधार घेतला' या वाक्यावरून नवखा माणूस 'फॉलो' लिहून मोकळा होतो, पण ते वकिलाचं म्हणणं असतं, कोर्टाचं नव्हे. दुसऱ्या निकालातून घेतलेल्या उताऱ्यातली नावंही वेगळी ठेव.

वर्ग ठरवायचा तो कोर्टाच्या स्वतःच्या वाक्यावरून. तत्त्व मान्य करून लावलं तर फॉलो. तत्त्व शाबूत ठेवून 'त्या प्रकरणातली वस्तुस्थिती वेगळी होती' म्हटलं तर डिस्टिंग्विश. तत्त्वच चुकीचं ठरवलं तर ओव्हररूल. नुसता उल्लेख असेल, तर तिन्हींत कोंबू नकोस. 'उल्लेख' असा चौथा वर्ग कर.

या निकालात तीन न्यायमूर्तींच्या पीठाचा २०१४ चा 'पुणे महानगरपालिका' निकाल पाच जणांनी ओव्हररूल केला. त्याच वाक्यात पुढे त्याला अनुसरून दिलेले बाकीचे निकालही ओव्हररूल केले, आणि तिथे त्यांची यादी नाही. म्हणून २०१४ ते २०२० मधला, २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम २४(२) वरचा कुठलाही निकाल दाखल करण्यापूर्वी तो 'पुणे'वर उभा आहे का, हे उघडून बघच.