ग्वाल्हेर संस्थानात मिठाचा कर

प्रश्न: ग्वाल्हेरला शिंद्यांचं राज्य होतं, मग तिथल्या लोकांवर इंग्रजांचा मिठाचा कर कसा पडला?

किमतीतून पडला. 1879 च्या सुमारास इंग्रजांनी संस्थानांशी मीठ-करार केले. ग्वाल्हेरने खाऱ्या मातीपासून मीठ काढणं बंद करायचं, त्याबदली दरबाराला दरवर्षी भरपाई मिळायची. त्यानंतर ग्वाल्हेरच्या लष्कर शहरातल्या बाजारात आलेलं मीठ आधीच कर भरलेलं असे. भरपाई दरबाराकडे गेली, मीठ काढणाऱ्याचा धंदा मात्र गेला.

बोजा किती? 1882 मध्ये मणाला 2 रुपये कर होता, म्हणजे 40 शेरांना 32 आणे. पाच माणसांचं घर वर्षाला 30 शेर मीठ खातं असं धरा: नुसता कर 24 आणे. दिवसाला 2 आणे मजुरी असेल तर बारा दिवसांची कमाई गेली. सावकार आणि मजूर मीठ जवळजवळ सारखंच खातात, खरी मेख तिथेच.

मिठावर कर ही इंग्रजांचीच कल्पना, असं मात्र समजू नका. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात लवणाध्यक्ष म्हणजे मिठाचा अधिकारी आहे आणि बाहेरून आलेल्या मिठाचा सहावा हिस्सा राजाचा आहे; पण तपस्वी, वेद शिकलेले श्रोत्रिय आणि वेठीच्या मजुरांना खाण्यापुरतं मीठ मोफत नेता येई. इंग्रजांच्या मीठ कायद्याने किनाऱ्यावर आपोआप साचलेलं मीठ उचलणंही गुन्हा ठरलं. 6 एप्रिल 1930 ला दांडीत गांधीजींनी नेमकं तेच उचललं.