दरवाढीचा ईमेल पाठवण्याआधी

प्रिय मुली,

ईमेल गिऱ्हाइकांना पाठवण्याआधी मला दाखवलास, बरं केलंस. चकली ४०० रुपये किलोवरून ४६० करतेस, ते रास्तच आहे. पण 'तेल महागल्यामुळे नाइलाजाने' हे वाक्य काढून टाक.

तुझ्याच वहीतले आकडे मांडून बघ. किलोभर चकलीला तळणीत साधारण पाव किलो तेल जातं. तेल किलोमागे २८ रुपयांनी वाढलं, म्हणजे चकलीच्या किलोमागे सातच रुपये. मग उरलेले ५३ कशाचे? तुझी गिऱ्हाइकं घरी कढई चढवणारी माणसं आहेत, हा हिशेब ती उभ्या उभ्या करतील.

शिवाय दर एकाच कारणावर टांगला, की ते कारण सरल्यावर तो उतरवावाही लागतो. सप्टेंबर २०२४ मध्ये, दिवाळीच्या तोंडावर, केंद्राने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केलं. मे २०२५ च्या अखेरीस तेच १० टक्क्यांवर आणलं. तेलाकडे बोट दाखवून ज्यांनी भाव वाढवले, त्यांना गिऱ्हाईक विचारणारच, 'आता कमी कधी करताय?'

खरी कारणं तुझ्या वहीतच आहेत. मदतीला येणाऱ्या दोघींची मजुरी तू दिवसाला शंभर-शंभर रुपयांनी वाढवलीस आणि दिवसाला दहा किलो माल निघतो, म्हणजे किलोमागे वीस रुपये. पिशवी आणि खोक्याचे आठ. तेल धरून झाले ३५. राहिलेले २५ तुझ्या स्वतःच्या कष्टाचे, जे आजवर तू दरात कधी धरलेच नाहीस. तेही लिही, आणि लिहिताना लाजू नकोस. मी असं लिहीन:

'१ तारखेपासून चकलीचा दर किलोला ४६० रुपये होईल. वाढलेल्या ६० रुपयांपैकी २० मदतनीस ताईंच्या मजुरीचे, ८ पॅकिंगचे, ७ तेलाचे आहेत. उरलेले २५ माझ्या मेहनतान्याचे. तो आतापर्यंत मी दरात धरत नव्हते. भाजणी, तेल आणि वजन तेच राहील. ३१ तारखेपर्यंत नोंदवलेल्या ऑर्डरी जुन्याच दराने मिळतील.'

एवढं पुरे. 'आपण समजून घ्याल ही आशा' वगैरे जोडू नकोस. नवा दर पहिल्याच ओळीत येऊ दे, नाहीतर तो शोधत बसायला लागल्यावर माणूस चिडतो.

'वजन तेच' हे शब्द मात्र नक्की ठेव. दर तोच ठेवून पाव किलोच्या पाकिटात २२० ग्रॅम भरणारे पुष्कळ आहेत, आणि गिऱ्हाइकाला पहिला संशय त्याचाच येतो.

आणि जुनी एमआरपी छापलेली जी पाकिटं पडून आहेत, ती त्याच किमतीला संपव. छापील किमतीपेक्षा जास्त घेणं कायद्याने गुन्हा आहे, वरून नवं स्टिकर चिकटवूनही चालत नाही. ती किती उरलीत ते आधी मोज, आणि मगच १ तारीख पक्की कर.

तुझी,
मावशी