बांधावरच्या सागाचा कार्बन मोजताना

टेप जमिनीपासून १.३७ मीटरवर खोडाभोवती आडवी धरा. घेर ६३ सेंमी आला तर व्यास साधारण २० सेंमी. व्यासावरून झाडाचं कोरडं वजन काढायचं सूत्र निवडताना मात्र घाई नको. दाट जंगलातल्या सागावरून बसवलेलं सूत्र बांधावर चालेलच असं नाही. इथे झाड मोकळं वाढतं, फांद्याही छाटल्या जातात. समजा कोरडं वजन १५० किलो निघालं, तर ०.४७ ने गुणून कार्बन ७० किलो. त्याला ३.६७ ने गुणलं की कार्बन डायऑक्साइड, साधारण २६० किलो. या दोन आकड्यांची सर्रास गल्लत होते! मातीतला कार्बनही मोजायचा तर मातीचे नमुने नुसते बुंध्याशी घेऊ नका, तिथे पालापाचोळ्याने आकडा फुगतो. पिकाच्या ओळींपर्यंत अंतराअंतराने घ्या.