‘करंट एफिशियन्सी ९५%’ म्हणजे कशाचे टक्के?

प्रश्न: निकेल प्लेटिंगच्या कागदावर ‘करंट एफिशियन्सी ९५%’ लिहिलंय. मराठीत काय म्हणावं? उरलेला ५ टक्के मुलामा नीट धरत नाही, असा अर्थ आहे का?

नाही, पकडीशी या आकड्याचा संबंध नाही. टाकीतून जेवढा करंट गेला, त्यातला किती निकेल बसवायच्या कामी आला, एवढंच तो सांगतो. उरलेला बहुतेक हायड्रोजन तयार करण्यात जातो. जॉबवर बारीक बुडबुडे दिसतात, ते त्याचेच.

हिशेब करून बघा. फॅरेडेच्या नियमाने १ अँपिअर तासभर दिला की १.०९५ ग्रॅम निकेल बसायला हवं. समजा, २०० चौरस सेंटिमीटरच्या जॉबला ६ अँपिअर २० मिनिटं दिले. हे झाले २ अँपिअर-तास, म्हणजे २.१९ ग्रॅम. निकेलची घनता ८.९ धरली तर आकारमान ०.२४६ घन सेंटिमीटर येतं. ते २०० चौरस सेंटिमीटरवर पसरलं की जाडी १२.३ मायक्रॉन. त्याचे ९५ टक्के धरले की हाती ११.७ मायक्रॉन. तीही सरासरीच; कडांवर थर जाड बसतो, खाचेत पातळ. हा फरक एफिशियन्सीच्या खात्यात टाकू नका.

हेक्झाव्हॅलंट क्रोमच्या टाकीत हा आकडा साधारण १० ते २० टक्केच असतो, तरी नीट केलेलं हार्ड क्रोम घट्ट बसतं.

‘धारा-कार्यक्षमता’ चुकीचं नाही, पण कार्यक्षमता म्हटलं की मोटार-पंपासारखी विजेची बचत डोळ्यांपुढे येते. इथे व्होल्टेज हिशेबात येतच नाही. मी तरी ‘करंटचा उपयोग ९५ टक्के’ असं लिहीन.

मुलामा सुटतो त्याची कारणं दुसरीकडे शोधायची. पुस्तकात त्या गुणाला ‘आसंजन’ म्हणतात. शॉपवर कुणी हा शब्द उच्चारल्याचं ऐकलं नाही, तिथे ‘पकड’च चालते. पापुद्रा निघाला तर खाली काय दिसतं ते बघा. उघडं लोखंड दिसलं तर बहुधा धुणं किंवा ॲसिड डिप कमी पडलंय. प्लेटिंगआधी धुतलेल्या जॉबवरून पाणी ओघळू द्या. पाण्याचा पडदा अखंड राहिला तर ठीक. तो फाटून थेंब जमले तर तेल शिल्लक आहे. पापुद्र्याखाली पुन्हा निकेलच दिसलं तर मध्येच करंट तुटला असावा, हँगरचा संपर्क सैल असला की असं होतं. निकेलवर लगेच ऑक्साइडचा पातळ थर येतो आणि त्यावर बसलेलं पुढचं निकेल सोलून निघतं. अशा जॉबला टाकीत ठेवूनच करंट पुन्हा चालू करू नये. बाहेर काढून पृष्ठभाग ॲसिडमध्ये सक्रिय करून घ्यावा लागतो.