टायमर लावून ग्रुप फोटो

फोटो काढायला कोणी नसतं. टायमर लावला की कोणाचे तरी डोळे मिटलेले, नाहीतर कडेचा माणूस अर्धा कापलेला. काय करू?

आधी कॅमेऱ्यात ग्रिड, म्हणजे स्क्रीनवरच्या आडव्या-उभ्या रेघा, चालू करा. फोन टेकवून ठेवा आणि आडवी रेघ मागच्या भिंतीच्या कडेला समांतर आहे ना बघा. सगळे दोन उभ्या रेघांच्या थोडे आत-बाहेर उभे राहू देत. अगदी कडेला चेहरे ताणले जातात. तुमची जागा रिकामी सोडा, तिथे तात्पुरती पिशवी ठेवा. मधल्या माणसाच्या चेहऱ्यावर बोट दाबून फोकस लॉक करा.

टायमर १० सेकंदांचाच. ३ मध्ये धावतानाच फोटो निघतो! काही फोन टायमर संपल्यावर आपोआप बर्स्ट, म्हणजे एकामागोमाग भराभर बरेच फोटो, घेतात, त्यातला सगळ्यांचे डोळे उघडे असलेला निवडा. अंधारात मात्र बर्स्टचेही फोटो हलतात, तेव्हा उजेडाकडे सरका.